क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून अमिकासिन देऊन मोकळं व्हावं का?

प्रश्न: मी नर्सिंग करून नुकतीच मेडिसिनच्या वॉर्डात लागले आहे. अँटिबायोटिकचे गट पाठ आहेत, पण पहिला डोस चढवण्याआधी नक्की काय काय बघायचं हे कुणी नीट सांगत नाही. अमिकासिन, जेंटामायसिनने किडनी आणि कान जातात म्हणे. क्रिएटिनिन नॉर्मल असलं की दिलं तरी चालतं ना?

उत्तर: तेवढ्यावर चालत नाही. पण भीतीपोटी अर्धाच डोस दिला तर तेही चुकीचंच. दोन्ही का, ते सांगतो.

आधी गटांचं थोडक्यात उरकून घेऊ. गट लक्षात ठेवायचे ते पहिल्या डोसाआधी कोणता प्रश्न विचारायचा हे त्यावरून ठरतं म्हणून. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि मेरोपेनेमसारखी औषधं ही एका कुळातली. त्यांच्याबाबत पहिला प्रश्न अ‍ॅलर्जीचा. ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे’ एवढंच केस पेपरवर लिहून थांबू नका. काय झालं होतं, गोळी घेतल्यावर किती वेळाने झालं, श्वास अडकला होता की नुसती मळमळ झाली होती, हे विचारा. अर्ध्या तासात अंगावर गांधी उठून घसा सुजला असेल तर ती खरी अ‍ॅलर्जी. जुलाब झाले होते तर तो औषधाचा त्रास, अ‍ॅलर्जी नव्हे. हा फरक न लिहिल्यामुळे पुढे कितीतरी रुग्णांना चांगलं, सुरक्षित औषध मिळत नाही आणि त्याऐवजी जास्त जहाल काहीतरी मिळतं.

अझिथ्रोमायसिनचा गट आणि लेव्होफ्लॉक्सासिनचा गट दिसला की ईसीजी आणि पोटॅशियम बघा, कारण दोन्ही क्यूटी लांबवतात. लेव्होफ्लॉक्सासिनच्या गटात याशिवाय घोट्यामागचा टेंडन दुखणं आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर अचानक खाली जाणं, हे दोन त्रास डोक्यात असू द्या. डॉक्सिसायक्लिन असेल तर बाई गरोदर आहे का ते विचारा आणि गोळी भरपूर पाण्यासोबत, बसून घ्यायला सांगा, नाहीतर अन्ननलिकेत अडकून ती तिथे जखम करते. व्हॅन्कोमायसिन किडनीला त्रास देतं, आणि ते भरभर चढवलं तर चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते. ते सावकाश चढवायचं, 1 ग्रॅमला निदान तासभर तरी.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, टोब्रामायसिन हे अमिनोग्लायकोसाइड कुळातले. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं आणि क्षयरोगावर ते वापरायला लागल्यावर थोड्याच काळात रुग्णांचा तोल जातो, ऐकू येईनासं होतं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. म्हणजे ही तक्रार औषधाइतकीच जुनी आहे. तरी ही औषधं टिकली, कारण रक्तात पसरलेल्या ग्राम-निगेटिव्ह जंतूंना ती फार झपाट्याने मारतात आणि इतर औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवरही बऱ्याचदा चालतात.

शरीरात या औषधाचं काय होतं ते पाहिलं की बाकीचं आपोआप समजतं. हे औषध यकृतात मोडत नाही. जसं शिरेत जातं तसंच किडनीतून गाळून लघवीवाटे बाहेर पडतं. मात्र गाळलेल्यापैकी थोडा भाग किडनीच्या नलिकांच्या पेशी आत ओढून घेतात आणि साठवतात. साठा वाढत गेला की त्या पेशी मरू लागतात. ही आत ओढण्याची क्रिया एका मर्यादेपर्यंतच चालते: रक्तातली पातळी कितीही उंच गेली तरी पेशी एका वेळी ठरावीकच घेतात. म्हणून दिवसातून एकदाच मोठा डोस दिला तर नलिकेला पुढचे कितीतरी तास मोकळे मिळतात. तेच औषध तीन भागांत विभागून दिलं, तर पातळी कधीच पुरती खाली येत नाही आणि नलिका दिवसभर भरत राहतात. जंतू मरतात ते उंच पातळीने, किडनीला इजा होते ती पातळी खाली न उतरल्याने. हे एक वाक्य मनात पक्कं बसवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

समोर असा केस पेपर आहे असं धरा. बाई 72 वर्षांच्या, वजन 45 किलो. तीन दिवस ताप, थंडी वाजते, लघवीला आग, कालपासून उलट्या. क्रिएटिनिन 1.1. लॅबच्या रिपोर्टवर त्यापुढे लाल खूण नाही, कारण आकडा नॉर्मलच्या पट्ट्यात बसतो. गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफेनॅक आणि पायांवरच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड चालू आहे. ऑर्डर आहे अमिकासिनची.

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. बाई बारीक, वयस्कर. स्नायूच कमी, म्हणून तयार होणारं क्रिएटिनिनही कमी. किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी त्यांच्या रक्तातला आकडा साधासुधाच दिसतो. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते ते काढायला कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं जुनं सूत्र आहे, फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर मिनिटभरात होतं:

```
(140 − वय) × वजन किलोत ÷ (72 × क्रिएटिनिन)
स्त्री असल्यास × 0.85
```

बाईंचं गणित मांडू. 140 मधून 72 वजा केले की 68. त्याला 45 ने गुणलं की 3060. खाली 72 गुणिले 1.1 म्हणजे 79.2. भागाकार 38.6, आणि स्त्री म्हणून 0.85 ने गुणलं की जवळजवळ 33. म्हणजे मिनिटाला 33 मिलिलिटर. आता हाच 1.1 आकडा 25 वर्षांच्या, 70 किलोच्या मुलाचा असता तर उत्तर 102 च्या आसपास आलं असतं. रिपोर्टवर दोघांचा आकडा अगदी एकच, आणि किडनीच्या कामात मात्र तिपटीचा फरक. ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ यावर मी विसंबत नाही ते यामुळेच.

या सूत्रालाही मर्यादा आहेत. क्रिएटिनिन स्थिर असेल तरच ते खरं बोलतं. बाईंना कालपासून उलट्या आहेत, ताप आहे. किडनीला आज सकाळी फटका बसला असेल तर क्रिएटिनिन चढायला एखाद-दोन दिवस लागतात. तेव्हा 33 हा आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला असण्याचीच शक्यता जास्त. जुना रिपोर्ट मागा. सहा महिन्यांपूर्वी 0.7 असेल तर आजचा 1.1 हा ‘नॉर्मल’ नसून चढता आकडा आहे. माझ्या मते केस पेपरमधला सगळ्यात उपयोगाचा कागद म्हणजे जुना रिपोर्ट, आणि तोच नेमका नातेवाइकांच्या पिशवीत राहून जातो.

आता तुमचा डोळा औषधांच्या यादीवर जायला हवा. डायक्लोफेनॅक किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतं. फ्युरोसेमाइड आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातलं आणखी पाणी काढतं, शिवाय अमिनोग्लायकोसाइडसोबत कानाची इजा वाढवतं. उलट्यांनी पाणी कमी झालंच आहे. या तीन गोष्टी एकेकट्या चालल्या असत्या, एकत्र आल्या की अवघड होतं. म्हणून अमिकासिनचा विचार करण्याआधी डॉक्टरांना हे सांगायचं: डायक्लोफेनॅक बंद करायचं का, फ्युरोसेमाइड आज थांबवायचं का, आणि आधी सलाईन देऊन पाणी भरून काढायचं का. तिन्हींचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ येतं. ज्यांचं हृदय कमकुवत आहे त्यांच्या बाबतीत सलाईनचा हिशेब वेगळा, तिथे घाई नको.

याच वेळी आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने भागणार नाही का? बाईंचं ब्लड प्रेशर टिकून असेल आणि आधीच्या कल्चरमध्ये चिवट जंतू आलेला नसेल, तर मी स्वतः अमिकासिन टाळीन. ब्लड प्रेशर कोसळलंय, हातपाय गार पडलेत, आधी कधी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न बधणारा जंतू सापडलाय, अशी स्थिती असेल तर एक डोस द्यायला मी कचरणार नाही. एका डोसाने किडनी जाण्याची शक्यता कमी असते. न आटोक्यात आलेल्या सेप्सिसने ती जाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

समजा द्यायचं ठरलं. डोस किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे 45 किलोला 675 मिलिग्रॅम. इथे बऱ्याच जणांचा हात आखडतो. किडनी कमजोर आहे म्हणून 300 देऊ, असं म्हणतात. ही चूक आहे. पहिल्या डोसानंतर रक्तात पातळी किती उंच जाईल हे औषध शरीरातल्या किती पाण्यात पसरतं यावर ठरतं, किडनीवर नाही. अर्ध्या डोसाने जंतू मरणार नाही आणि किडनीला आराम मिळेल असंही नाही. किडनी कमजोर असल्याचा हिशेब दोन डोसांमधल्या अंतरात धरायचा. सूत्राचा आकडा साधारण 60 च्या वर असेल तर 24 तास, 40 ते 59 असेल तर 36, आणि 20 ते 39 मध्ये 48 तास. बाई 33 वर आहेत, तेव्हा दुसरा डोस आपोआप उद्याच्या औषधांच्या वेळेला जाता कामा नये. चार्टवर ‘रोज एकदा’ असं छापील लिहून गेलं असेल तर ते खोडून तारीख आणि वेळ लिहून घ्या. वजन अंदाजाने लिहू नका, जमलं तर काट्यावर घ्या. खूप लठ्ठ रुग्णात पूर्ण वजन धरत नाहीत, तिथे सुधारित वजन डॉक्टरांकडून काढून घ्यावं.

कुपीकडे एकदा नीट बघा. अमिकासिनची 100 मिलिग्रॅमची कुपी आणि 500 मिलिग्रॅमची कुपी दोन्ही 2 मिलिलिटरच्या मिळतात आणि दिसायला सारख्याच असतात. 500 वाली असेल तर 675 मिलिग्रॅमला 2.7 मिलिलिटर लागेल, म्हणजे दोन कुप्या फोडाव्या लागतील. तेच 2.7 मिलिलिटर चुकून 100 वालीतून भरलं तर रुग्णाला मिळतात फक्त 135. तिथे गफलत झाली तर दोन दिवसांनी ‘औषध लागू पडत नाही’ असा शेरा येतो आणि कुणाला कारण कळत नाही. औषध 100 मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून अर्धा ते एक तासात द्यावं. पेनिसिलिन कुळातलं औषध त्याच बाटलीत किंवा सिरिंजमध्ये कधीही मिसळू नका, दोघं एकमेकांना भिडून अमिकासिनचा जोर जातो. रक्ताचं आणि लघवीचं कल्चर औषधाआधी घ्यावं, पण शॉकमधल्या रुग्णाला कल्चरसाठी तासभर थांबवून ठेवू नये.

आणखी एक गोष्ट विचारायची आणि ती हमखास राहून जाते: मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे का? म्हणजे दुपारनंतर पापण्या खाली येतात का, दुहेरी दिसतं का, गिळायला त्रास होतो का. या गटातली औषधं नसेकडून स्नायूकडे जाणारा संदेश अडवतात. मायस्थेनिया असलेल्या माणसाचा श्वास यामुळे बंद पडू शकतो. असं उत्तर मिळालं तर डोस देऊ नका, सरळ डॉक्टरांना फोन करा. गरोदरपणात पोटातल्या बाळाच्या कानाला धोका असतो, तेही विचारा.

आता कान. किडनीची नलिका बऱ्याचदा पुन्हा भरून येते, नव्या पेशी तयार होतात. कानातल्या आतल्या भागातल्या केसाळ पेशी एकदा गेल्या की माणसात परत येत नाहीत. म्हणून मला किडनीपेक्षा कानाची जास्त धास्ती वाटते.

नुकसान सुरू होतं ते सर्वांत चढ्या आवाजांपासून, माणसाच्या बोलण्याच्या पट्टीच्या वर. त्यामुळे पहिल्या टप्प्यात रुग्ण व्यवस्थित बोलतो, ऐकतो, तक्रार करत नाही. ऑडिओमेट्री साधारण 8 हजार हर्ट्झपर्यंत मोजते. त्याच्याही वरच्या आवाजांची तपासणी जिथे होते तिथे ती आधी घ्यावी. आठवडाभर किंवा अधिक चालणारा कोर्स असेल, जसा रेझिस्टंट क्षयरोगात पूर्वी सर्रास असायचा, तर सुरुवातीची ऑडिओमेट्री हवीच. नाहीतर पुढे कमी ऐकू आलं तर ते आधीचं की औषधाचं, हे ठरवता येत नाही. तातडीच्या एका डोसाला मात्र ऑडिओमेट्रीची वाट बघत बसू नका. कानाजवळ कुजबुजून काही शब्द म्हणवून घ्या आणि जे आढळलं ते लिहून ठेवा.

तोलाचं प्रकरण आणखी फसवं. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तोल सांभाळणाऱ्या भागाला जास्त मारतात, अमिकासिन ऐकण्याच्या भागाला जास्त. आपण रुग्णाला विचारतो, ‘चक्कर येते का?’ तो म्हणतो, ‘नाही.’ आणि तो खरंच सांगत असतो. कारण दोन्ही कान सारखेच निकामी झाले तर गरगरत नाही. गरगरतं ते एक कान बिघडला की. दोन्ही गेले की होतं ते असं: अंधारात बाथरूमला जाताना पाय अडखळतात, उशीवर किंवा वाळूवर पाय ठेवल्यासारखं वाटतं, आणि चालताना समोरच्या दारावरची पाटी हलते म्हणून वाचता येत नाही, उभं राहिलं की वाचता येते. म्हणून विचारायचं ते हे: ‘चालताना पाटी नीट वाचता येते का?’ अंथरुणावर पडलेल्या रुग्णाला हे कळणारच नाही. तो उठून कॉरिडॉरमध्ये चालायला लागला की मग कळतं, आणि तोवर कोर्स पुरा झालेला असतो. डोसाआधी आणि नंतर रोज, रुग्ण उभा राहू शकत असेल तर पाय जुळवून, डोळे मिटून क्षणभर उभा करा. पडू नये म्हणून बाजूला हात धरून ठेवा.

आईच्या बाजूचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यांची प्रथिनं बनवणारी यंत्रणा जंतूंसारखी असते आणि ती फक्त आईकडून येते. काही घराण्यांत m.1555A>G नावाचा बदल असतो, त्यामुळे ती यंत्रणा जंतूंच्या यंत्रणेशी आणखीच मिळतीजुळती होते आणि हे औषध तिला पकडतं. अशा माणसाला नेमका, मोजूनमापून दिलेला डोससुद्धा बहिरं करू शकतो. त्यात पातळी बघून काही उपयोग नाही. म्हणून विचारा: आई, मावशी, मामा, आजी, सख्खी भावंडं यांच्यापैकी कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं का? ‘हो’ आलं आणि दुसरं औषध शक्य असेल तर दुसरंच द्यावं. वडिलांच्या बाजूच्या बहिरेपणाचा या बदलाशी संबंध नसतो.

पहिला डोस गेल्यावर काय बघायचं? दुसऱ्या डोसाच्या जरा आधी रक्त घेऊन तळची पातळी बघावी. अमिकासिनला ती 5 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली हवी, जेंटामायसिनला 1 च्या खाली. जास्त आली तर डोस थांबवा, डॉक्टरांना कळवा, अंतर वाढेल. ज्या लाइनमधून औषध गेलं त्याच लाइनमधून रक्त घेऊ नका, पातळी खोटी उंच येते. नमुन्यावर घेण्याची वेळ आणि आधीच्या डोसाची वेळ दोन्ही लिहा. वेळ न लिहिलेली पातळी म्हणजे नुसता आकडा.

लघवी चांगली होते म्हणून किडनी ठीक, असं मात्र समजू नका. या औषधाच्या इजेत लघवीचं प्रमाण बहुतेकदा कमी होत नाही. उलट ती पातळ, भरपूर होते, कारण नलिका पाणी आणि क्षार राखू शकत नाहीत. क्रिएटिनिन चढतं ते साधारण पाच ते सात दिवसांनी. त्याआधी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली सरकताना दिसतात. रुग्णाच्या पिंढऱ्यांत गोळे येत असतील तर ते दोन्ही तपासा. कोर्स सुरू असेपर्यंत क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांनी बघावं, आणि बाईंसारख्या रुग्णात रोज. एकदम दीडपट झालं तर पुढचा डोस चढवू नका, आधी विचारा.

घरी सोडताना रुग्णाला आणि नातेवाइकांना हे सांगून ठेवा, कारण औषध थांबवल्यावरही कानातला साठा काही आठवडे राहतो आणि ऐकू कमी येणं, कानात शिट्टी वाजणं घरी गेल्यावर सुरू होऊ शकतं. कार्डावर औषधाचं नाव, शेवटच्या डोसाची तारीख आणि एकूण किती डोस झाले ते लिहा. पुढच्या वेळी दुसऱ्या वॉर्डात जी सिस्टर केस पेपर उघडेल, तिला तेवढ्यावरून कळेल की या बाईंना हे औषध पुन्हा द्यायच्या आधी कान तपासायचे आहेत.